निरोप समारंभातली थट्टा

सेवानिवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याची त्याच्यासमोर, भरल्या सभागृहात, मायेने थट्टा करणारे भाषण मराठी कचेऱ्यांना नवे नाही. त्याला ‘रोस्ट’ म्हणण्याची पद्धत तेवढी अलीकडची. हे नाव अमेरिकेतून आले. न्यूयॉर्कच्या फ्रायर्स क्लबात, म्हणजे १९०४ साली निघालेल्या नाट्यव्यवसायातील मंडळींच्या क्लबात, नामवंतांना बोलावून त्यांच्या मित्रांनीच त्यांची चेष्टा करण्याचे जेवणसमारंभ होत. पुढे डीन मार्टिन या गायक-नटाने १९७४ ते १९८४ या काळात हाच प्रकार दूरचित्रवाणीवर आणला आणि तो घराघरांत पोचला. भारतात डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत झालेल्या ‘एआयबी नॉकआउट’मुळे या शब्दाची मोठी चर्चा झाली. त्या कार्यक्रमातल्या भाषेवरून पोलिसांत तक्रारी झाल्या आणि रोस्ट म्हणजे शिवराळ बोलणे असा समज पुष्कळांच्या मनात बसला.

कचेरीतल्या निरोपाची थट्टा या वळणाची नसते. व्यावसायिक रोस्टमध्ये ज्याची चेष्टा होते तो स्वतः रंगमंचावरचा माणूस असतो. त्याला उलट वार करता येतो. निवृत्त होणारा कारकून पाहुणा म्हणून समोर बसलेला असतो, शेजारी बायको, मुलगी, जावई, कधी म्हातारी आईही असते. उद्यापासून तो या कचेरीत असणार नाही, त्यामुळे मनाला लागलेली गोष्ट चहाच्या टपरीवर बोलून मिटवायची सोयही उरत नाही. या भाषणाचे खरे नाते मराठीतल्या व्यक्तिचित्रांशी आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातला लग्नघरात सगळ्यांची कामे अंगावर घेणारा नारायण वाचताना हसू येते ते त्याच्या लगबगीचे, आणि त्याच लगबगीमुळे तो आपला वाटतो. ज्या गोष्टीवर हसायचे तीच गोष्ट शेवटी माणसाचे मोठेपण सांगून जाते, ही ती रीत. निरोपाच्या भाषणात जमवायचे असते तेही हेच.

असे भाषण कसे घडते हे पाहायला तालुक्याच्या तहसील कचेरीचे उदाहरण घेणे सोयीचे आहे, कारण गजबज आणि निरोप या दोन्ही गोष्टी तिथे एकाच दिवशी येतात. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत लिपिकवर्गातला कर्मचारी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, तोही ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी. जन्म एक तारखेचा असेल, तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. पूर्वी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. त्या पिढीतल्या असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस म्हणूनच एक आहे, आणि त्यामुळे ३१ मे रोजी राज्यभरच्या कचेऱ्यांत एकाच दुपारी दोन-दोन, तीन-तीन माणसांना निरोप दिला जातो. नेमके तेव्हाच दहावी-बारावीनंतरच्या प्रवेशांचे दिवस सुरू होतात. उत्पन्नाचा, अधिवासाचा, नॉन-क्रिमीलेयरचा दाखला हवा असलेल्या पालकांची रांग सेतू केंद्रापासून फाटकापर्यंत जाते. समारंभ दुपारच्या सुट्टीत ओढूनताणून बसवलेला असतो. दोन टेबले रिकामी ठेवता येत नाहीत म्हणून निम्मी माणसे दारात उभी असतात. भाषण किती लांब असावे, कोणत्या स्वरात असावे, हे या परिस्थितीवरूनच ठरते.

समजा, या कचेरीतले एक अव्वल कारकून निवृत्त होत आहेत. महसूल खात्याच्या रिवाजाप्रमाणे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. थट्टेच्या भाषणाची जबाबदारी त्यांच्याच शाखेतल्या एका महसूल सहायकावर, म्हणजे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलावर आली आहे. ही निवड योग्य आहे. थट्टा खालून वर किंवा बरोबरीत चालते, वरून खाली चालत नाही. शिपायाच्या निरोपाला तहसीलदारांनी त्याच्या झोपेवर विनोद केला तर सगळे हसतात, पण ते साहेबांना बरे वाटावे म्हणून. शिपाई मात्र तीस वर्षे ऐकलेली बोलणी शेवटच्या दिवशी बायकामुलांसमोर पुन्हा ऐकत असतो. वरिष्ठाने निरोपाला कौतुकच करावे, त्याच्या हातातली थट्टा कितीही सौम्य असली तरी तिचे वजन वेगळे होते. म्हणून एकाच दिवशी शिपाई, वाहनचालक आणि अव्वल कारकून निवृत्त होत असतील, तर प्रत्येकाविषयी बोलायला त्याच्या बरोबरीचा माणूस शोधावा. तिघांपैकी एकाचीच चेष्टा आणि दोघांचे नुसते गुणगान, असेही करू नये. ज्यांना वगळले त्यांना आपण कुणाच्या खिजगणतीत नव्हतो असे वाटते.

पहिले काम माहिती जमवण्याचे, आणि ते निदान आठवडाभर आधी सुरू करावे लागते. सेवापुस्तकातून नेमणुका, बदल्या, पदोन्नत्या यांच्या तारखा मिळतात. त्या प्रास्ताविक करणाऱ्याच्या कामाच्या, थट्टेच्या नव्हेत. थट्टेचा माल तीन माणसांकडे असतो. एक म्हणजे शिपाई, कारण दिवसभर सगळ्या टेबलांवर फिरणारा तोच. दुसरा आधीच्या नेमणुकीच्या ठिकाणचा सहकारी, त्याच्याकडे माणूस तरुण असतानाच्या हकिगती असतात. तिसरे घरचे कोणीतरी. तिघांना वेगवेगळे गाठून एकच प्रश्न विचारावा की भाऊसाहेबांचे नाव काढले की डोळ्यासमोर काय येते. जे दोघांच्या बोलण्यात आपोआप आले ते घ्यावे. एकानेच सांगितलेली चटकदार हकिगत बहुधा मीठमसाला लावलेली असते, आणि सभागृहात ती ओळखली जात नाही. ज्या गोष्टीचे साक्षीदार समोर बसलेले नाहीत तिच्यावर हशा येत नाही, हा या प्रकारातला सर्वांत पक्का नियम आहे. बाहेरून उचललेला, मोबाइलवर फिरणारा विनोद कितीही चांगला असला तरी तो इथे पडतो, कारण तो कुठल्याही भाऊसाहेबांना लागू असतो.

आपल्या भाऊसाहेबांबद्दल अशा चौकशीतून चार गोष्टी पुढे आल्या असे धरू. ते कुणालाही पेन देतात, पण टोपण स्वतःच्या खिशात ठेवतात. अभिलेख कक्षातला जुना फेरफार विचारला तर गट क्रमांकाऐवजी त्या कुटुंबाची गोष्ट सांगतात. संगणकावर काम करताना त्यांना मदत लागते. आणि गेल्या वर्षी त्यांच्या बायपासनंतर त्यांचा डबा घरून बिनमिठाचा येतो, तरी ते दुसऱ्याच्या डब्यातले लोणचे हळूच उचलतात.

या चारांत कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची? लोणच्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि हसू हमखास येईल अशी आहे. तरी ती टाकायची. पथ्य मोडल्याचे घरी माहीत नाही, आणि ते पहिल्यांदा माइकवरून कळणे वहिनींना त्रासाचे होईल. आजार, शरीर, वजन, बहिरेपणा, मुलाचे न जमलेले लग्न, जात, गाव, बोलीतला हेल, यांपैकी काहीही माणसाने निवडलेले नसते. त्यावर हसणे म्हणजे त्याच्या वाट्याला आलेल्या गोष्टीवर हसणे. सवय ही त्याची स्वतःची करणी असते आणि तिच्यावर तो स्वतःही हसू शकतो. स्त्री सहकाऱ्याच्या निरोपात रूप, साडी, वय यांवरचे विनोद तर अजिबात नकोत, आणि भाऊसाहेबांच्या निरोपात एखाद्या महिला कर्मचाऱ्याचे नाव त्यांच्याशी जोडून केलेला ‘निष्पाप’ विनोदही नको. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात लैंगिक रोखाची शेरेबाजीही येते, आणि निरोप समारंभ कचेरीतच होत असतो.

महसूल कचेरीपुरती आणखी एक मर्यादा आहे आणि ती फार कसोशीने पाळावी लागते. ‘उद्या या’, अडकलेली प्रकरणे, चहापाणी, तपासणीतले आक्षेप यांवर आपापसांत पुष्कळ बोलले जाते. पण सभागृहाच्या खिडकीबाहेर दाखल्यासाठी तीन तास उभी असलेली माणसे आहेत. आत हशा पिकलेला त्यांना ऐकू जातो. ‘फाइल हलवायला काय लागतं ते भाऊसाहेबांना विचारा’ हे वाक्य प्रामाणिक माणसाबद्दल विनोदाने म्हटले, तरी बाहेरचा माणूस ते शब्दशः घेतो, आणि जावयालाही क्षणभर शंका येते. हसताना माणसाच्या सचोटीला हात लागता कामा नये. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, ना देय प्रमाणपत्र, एखादी चालू चौकशी यांचा उल्लेख याच कारणाने टाळायचा.

संगणकाची गोष्ट जशी आहे तशी घेतली तर शिळी आहे. म्हाताऱ्या कारकुनाला माउस धरता येत नाही, हे गेली वीस वर्षे प्रत्येक निरोपाला कुणी ना कुणी बोलते, आणि त्यात तरुणांनी वडीलधाऱ्यांवर हसण्याचा रोख आहे. पण तिचीच सांगड फेरफाराच्या गोष्टीशी घातली की रोख बदलतो. मग अडाणी संगणक ठरतो आणि जाणता भाऊसाहेब. उरले टोपण. टोपणाची सवय चिकूपणाची वाटते, पण शिपायाने सांगितलेला एक बारकावा इथे कामाला येतो. दाखल्यांच्या दिवसांत रांगेतल्या मुलांना पेन देताना भाऊसाहेब टोपणासकट देतात. हा बारकावा मिळाला नसता तर टोपणाची गोष्ट नुसती चेष्टा राहिली असती. एखादी हकिगत हाती लागली की तिच्या मागे माणसाचा चांगुलपणा कुठे आहे हे शोधत राहावे. तो सापडला नाही तर हकिगत कितीही गमतीची असली तरी सोडून द्यावी.

अशा रीतीने चारांतून दोन गोष्टी उरल्या, आणि दोन पुरतात. व्यासपीठावरून माणूस मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. हशाला वेळ द्यायचा म्हटले तर पाच मिनिटांत चारशे शब्दांहून जास्त मावत नाहीत. निरोपाच्या दुपारी पाच मिनिटे हीच लोकांची सहनशक्ती असते, कारण मनोगते आणखी सहा जणांची असतात.

भाषणाचा आरंभ थेट सत्कारमूर्तीवर न करता सगळ्या कचेरीला सामील करून घेणारा असावा. पहिल्या विनोदाला सभागृह थोडे अवघडलेले असते. लोक आधी साहेबांच्या तोंडाकडे पाहतात, मग सत्कारमूर्तीकडे, आणि मग हसतात. म्हणून पहिला विनोद सर्वांत साधा ठेवावा. आपल्या उदाहरणातला मुलगा असे म्हणू शकतो:

“मला पाच मिनिटं दिली आहेत. आपल्या कचेरीत पाच मिनिटं म्हणजे किती, हे बाहेरच्या मंडळींना माहीत नाही, पण वहिनींना माहीत आहे. ‘पाच मिनिटांत निघतो’ असं भाऊसाहेब रोज संध्याकाळी फोनवर सांगायचे.”

या तीन वाक्यांत वहिनी भाषणात आल्या आणि घरच्या मंडळींना कळले की हे आपल्यालाही धरून आहे. त्याचबरोबर भाऊसाहेब उशिरापर्यंत थांबत होते हेही, कौतुकाचा एक शब्द न वापरता, सांगून झाले. यानंतर टोपणाकडे वळता येते. टोपणाची गोष्ट वाईट तऱ्हेने सांगायची तर एवढेच म्हणता येईल की ‘भाऊसाहेब इतके काटकसरी की पेन देताना टोपण काढून घेत’. हा शेरा झाला. ‘इतके काटकसरी’ म्हटले की वक्त्याने निकाल देऊन टाकला आणि श्रोत्याला करायला काही उरले नाही. त्याऐवजी प्रसंग डोळ्यांसमोर उभा करावा आणि शेरा मारायचे काम श्रोत्यांवर सोडावे:

“भाऊसाहेबांकडे पेन मागितलं की पेन मिळतं. टोपण मिळत नाही. टोपण त्यांच्या वरच्या खिशात. ती अनामत रक्कम. मागच्या तपासणीला प्रांतसाहेबांनी सहीला पेन घेतलं. सही केली, पेन खिशाला लावलं, गाडीत बसले. गाडी फाटकाशी पोचली आणि मागून भाऊसाहेब पळत, हातात टोपण. साहेबांना वाटलं सही राहिली. त्यांनी काच खाली केली. भाऊसाहेब म्हणाले, ‘साहेब, एकतर हे घ्या, नाहीतर ते द्या.’”

इथे हशा येतो आणि वक्त्याने तो ओसरेपर्यंत थांबायचे असते. नवखा वक्ता हशावरच पुढचे वाक्य टाकतो आणि ते बुडते. हशा शिगेला जाऊन उतरू लागला की पुढचा शब्द, एवढे भान ठेवले तरी पुरे. थांबल्यानंतर त्याच प्रसंगाची दुसरी बाजू येते, आणि ती आवाज न बदलता सांगायची:

“पण जूनमध्ये खिडकीशी बघा. फॉर्म भरायला पोरं येतात, निम्म्यांकडे पेन नसतं. त्यांना भाऊसाहेब पेन देतात ते टोपणासकट. दर जूनला एक डबा संपतो. तो डबा सादिलमधून येत नाही, हे आमच्या रोखपालांना चांगलं माहीत आहे.”

सादिल म्हणजे कचेरीच्या किरकोळ खर्चाची रक्कम. पेने भाऊसाहेब स्वतःच्या पैशाने आणत होते, ही गोष्ट सरळ न सांगता ती अशी सांगितली की कचेरीतल्यांना लगेच कळते आणि घरच्यांना क्षणभराने. ‘किती मोठे मन’ वगैरे जोडायची गरज नाही. जोडले की वाक्य मानपत्रातले होते. मात्र ही गोष्ट रोखपालांकडून खात्री करून घेतलेली असायला हवी. खोटे कौतुक खोट्या चेष्टेइतकेच उघडे पडते.

दुसरी गोष्ट अभिलेख कक्षाची. इथे आधी साम्य आणि मग विरोध दाखवायचा:

“फेरफार शोधायला आता संगणक आहे. संगणक विचारतो, गाव कोणतं, गट नंबर किती. भाऊसाहेब विचारतात, ‘कुणाचा नातू तू?’ मग आजोबांनी विहीर कधी खोदली, चुलत्याशी का वाजलं, वाटणी कोणत्या साली झाली, हे सगळं आपल्याला ऐकावं लागतं. संगणक दोन मिनिटांत सांगतो, ‘नोंद आढळत नाही.’ भाऊसाहेब अर्ध्या तासाने म्हणतात, ‘डावीकडचं तिसरं कपाट, खालचा कप्पा, कापडाचा रंग तांबडा.’ आणि ती तिथं असते.”

जुनी दप्तरे कापडात बांधलेली असतात, रुमाल म्हणतात त्याला, आणि महसुलातल्या माणसाला तांबड्या कापडाचा उल्लेख ऐकताच तो वास, ती धूळ आठवते. असा एक जवळून पाहिलेला तपशील पुरेसा असतो. घरच्या मंडळींना रुमाल माहीत नसतो, म्हणून या ठिकाणी ‘कापड’ म्हटले. या भाषणाला दोन प्रकारचे श्रोते असतात. सहकाऱ्यांना सगळे ठाऊक असते, घरच्यांना काहीच ठाऊक नसते. पस्तीस वर्षे हा माणूस सकाळी डबा घेऊन कुठे जात होता आणि तिथे कसा वागत होता, हे मुलीला पहिल्यांदाच कळत असते. कचेरीतली आद्याक्षरे, योजनांची लघुनावे, नियमांचे क्रमांक यांनी भरलेले भाषण त्यांना परके वाटते. प्रत्येक प्रसंग मुलीला कळतो की नाही हे पाहूनच मजकूर कायम करावा.

शेवट हा या भाषणाचा अवघड भाग आहे, कारण थट्टेतून निरोपाकडे जायचे असते आणि तिथे बहुतेक वक्ते ‘पण गंमत सोडा, खरं सांगायचं तर’ असे म्हणतात. तसे म्हटले की आधीचे सगळे खोटे होते अशी कबुली दिल्यासारखे होते. ज्या वस्तूवर हसलो तीच पुन्हा हातात घेतली तर ही अडचण येत नाही. कचेरीतर्फे द्यायच्या भेटवस्तूत एक चांगले पेन ठेवावे, डबीत टोपण नसावे, आणि वक्त्याने ते पेन देताना म्हणावे:

“भाऊसाहेब, हे आमच्याकडून. टोपण आमच्याकडे राहील. कधीही येऊन घेऊन जा. येताना ‘कुणाचा नातू’ असं आम्ही विचारणार नाही.”

पुन्हा या, तुमची आठवण येईल, हे सगळे इथे बोलले गेले आहे. सभागृहातल्या कुणालाही ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. यानंतर एक वाक्यही वाढवू नये. टोपण चहाच्या वेळी, गर्दी पांगल्यावर, त्यांच्या हातात द्यायला विसरू नये, हे मात्र सांगितलेच पाहिजे. धांदलीत अशा गोष्टी खरोखर राहून जातात, आणि बिनटोपणाचे पेन दोन दिवसांत सुकते.

कार्यक्रमात या भाषणाची जागा ठरवण्यालाही महत्त्व आहे. स्वागत, प्रास्ताविक, मनोगते, शाल-श्रीफळ, सत्कारमूर्तींचे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार असा सर्वसाधारण क्रम असतो. थट्टेचे भाषण मनोगतांच्या मध्यावर, आणि शाल-श्रीफळाच्या आधी यावे. शाल पांघरून, हार घालून बसलेल्या माणसाची चेष्टा जड वाटते. आधी चेष्टा आणि मग शाल असली की सन्मानाचा हात शेवटी पडतो. एखाद्या जुन्या मैत्रिणीचे किंवा मित्राचे रडवेले मनोगत होऊन गेल्यावर लगेच हे भाषण ठेवू नये, कारण डोळे पुसत असलेल्या सभेला हसवायला गेले की दोन्ही भाव बिघडतात. मध्ये एखादे साधे, कोरडे मनोगत असले तर बरे. आणि सत्कारमूर्तींचे मनोगत या भाषणानंतरच हवे. त्यांना उत्तर द्यायची संधी मिळते, आणि बहुतेक जण ती झकास घेतात. भाऊसाहेबांनी उठून ‘या मुलाला मी तीन पेनं दिली, एकही परत आलं नाही’ म्हटले की सभागृह त्यांच्या बाजूने होते, आणि तसेच व्हायला हवे.

गजबजलेल्या कचेरीत भाषण मध्येच तुटणार हे धरून चालावे. फोन वाजतो, साहेबांना जिल्ह्याहून दृकश्राव्य बैठकीचे बोलावणे येते, कुणी प्रतिज्ञापत्रावर सही हवी म्हणून दारात उभे राहते. म्हणून एका प्रसंगाचा दुसऱ्यावर फार भार नसावा. टोपणाची गोष्ट एकदा पूर्ण सांगून झाली की पुढे काहीही तुटले तरी शेवटचे पेन चालते. लांबलचक, शेवटी एकदाच हशा आणणारी गोष्ट अशा ठिकाणी घात करते. माइक एका जागी असतो आणि पंख्यांचा आवाज मोठा असतो, तेव्हा वाक्ये आखूड ठेवावीत आणि हशाचा शब्द वाक्याच्या शेवटी यावा. ‘हातात टोपण’ हे शब्द ‘मागून भाऊसाहेब पळत’ याच्या आधी आले असते तर गंमत आधीच फुटली असती.

चूक होत आहे हे सभागृह सांगते, फक्त पाहता यायला हवे. सत्कारमूर्ती हसताना बायकोकडे किंवा मुलीकडे पाहत असेल तर सगळे ठीक आहे, तो तो आनंद वाटून घेत असतो. तो खाली पाहून हसू लागला, हात तोंडावर नेऊ लागला, शाल नसतानाही सदऱ्याचे टोक सारखे करू लागला, तर लागलेले असते. घरचे हसायचे थांबले आणि सहकारी मोठ्याने हसत राहिले, हे त्याहून वाईट लक्षण. अशा वेळी विनोद समजावून सांगायला जाऊ नये, ‘गंमत केली हं’ असेही म्हणू नये. त्याने लागलेली जागा सगळ्यांना दिसते. तो धागा तिथेच सोडून ज्या प्रसंगात माणसाचा चांगुलपणा आहे तिकडे सरळ जावे, आणि कार्यक्रमानंतर एकट्याने भेटून, आडपडदा न ठेवता, क्षमा मागावी. हे टाळण्याचा उपाय आदल्या दिवशीचा आहे. लिहिलेले भाषण त्या माणसाच्या कचेरीतल्या सर्वांत जवळच्या एका मित्राला वाचून दाखवायचे, आणि विचारायचे की हे त्याच्या मुलीसमोर चालेल का. मित्र क्षणभर जरी थांबला तरी ते वाक्य काढून टाकायचे. ‘चालेल हो, त्यात काय’ हे उत्तर होकार समजू नये. होकार असला की मित्र आधी हसतो.

आणखी एक खबरदारी हल्लीच्या काळात नव्याने घ्यावी लागते. समारंभाचे चित्रीकरण कुणीतरी करतेच, आणि संध्याकाळपर्यंत त्याचे तुकडे कचेरीच्या गटावर, तिथून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या गटांवर जातात. तीस सेकंदांच्या तुकड्यात टोपणाचा चिकूपणा येतो, जूनमधली पेने येत नाहीत. सभागृहात ज्यांनी दोन्ही ऐकले त्यांना ती माया वाटते, बाहेरच्यांना ती टवाळी वाटते, आणि त्या बाहेरच्यांत भाऊसाहेबांचे गावाकडचे नातलगही असतात. म्हणून निवेदकाने आरंभीच या भाषणाचे चित्रीकरण करू नये अशी विनंती करावी, किंवा केलेच तर ते अखंड घरच्यांच्या हाती द्यावे आणि पुढे पाठवायचे की नाही ते त्यांनी ठरवावे. भाषणाची हाताने लिहिलेली प्रतही त्यांना द्यावी. घरी गेल्यावर नातवंडांना ती वाचून दाखवताना भाऊसाहेब त्यात आपल्याकडची दोन वाक्ये घालतील, आणि त्यांना तेवढी मोकळीक असायलाच हवी.